बेंचमार्कच खचत होता: खाडीकाठच्या एका इमारतीच्या सेटलमेंटचे प्रकरण

पार्श्वभूमी

नवी मुंबईच्या खाडीलगतच्या भरावावर उभ्या असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे, बिल्डरचे आणि सल्लागारांचे नाव दिलेले नाही. इमारत स्टिल्ट पार्किंगवर चार मजल्यांची आहे. तिची लांबी सुमारे ३० मीटर असून पाया राफ्टचा, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब असलेला आहे. वर अडीच मीटर मुरमाचा भराव, त्याखाली खाडीची मऊ काळी चिकणमाती, म्हणजे सगळे जिला मरीन क्ले म्हणतात ती, आणि तिच्याखाली झिजलेला बेसाल्ट, अशी जमिनीची रचना आहे. मातीचा थर उत्तर टोकाला पाच मीटर आणि दक्षिण टोकाला तीन मीटर जाड आहे. पुढचा सगळा गुंता या दोन मीटरच्या फरकातून निर्माण झाला, कारण जिथे थर जाड तिथे इमारत जास्त आणि अधिक काळ बसत राहते.

इमारत पूर्ण झाल्यावर, ताबा देण्याच्या सुमारास, बिल्डरच्या सल्लागाराने सेटलमेंटची, म्हणजे इमारत किती खचते याची नोंद सुरू केली. बारा कॉलमांमध्ये प्लिंथपासून अर्धा मीटर उंचीवर गोल डोक्याचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट ग्राउट करून बसवले आणि दर सहा महिन्यांनी त्यांची लेव्हल घ्यायचे ठरले. उपकरण चांगले होते: मायक्रोमीटर जोडलेली ऑटो लेव्हल आणि इन्व्हारचा स्टाफ. बेंचमार्क, म्हणजे ज्याच्या तुलनेत सगळ्या लेव्हल मोजायच्या तो स्थिर बिंदू, म्हणून आवारातील ट्रान्सफॉर्मरच्या काँक्रीट ओट्याचा कोपरा निवडला. ओटा जुना, भक्कम आणि इमारतीपासून पंचवीस मीटर दूर असल्यामुळे इमारतीच्या भाराचा त्याच्यावर परिणाम होणार नाही, हा विचार त्यामागे होता आणि तेवढ्यापुरता तो बरोबरही होता.

बारा बोल्टांखेरीज सर्व्हेअरने एक तेरावा बिंदू आपणहून घेतला होता. तो आवारातल्या उंच पाण्याच्या टाकीच्या एका खांबावर होता. टाकी बेसाल्टमध्ये रुतवलेल्या पाइलवर उभी आहे. या तेराव्या बिंदूमुळेच पुढे जुनी वाचने वाया जाण्यापासून वाचली.

समस्या कशी पुढे आली

दोन वर्षांनंतर, म्हणजे चार वाचने हाती आल्यावर, सल्लागाराने अहवाल दिला. उत्तर टोकाजवळचा पी-३ हा बिंदू सर्वांत जास्त खचला होता. त्याचे आकडे सहा महिन्यांच्या अंतराने ११, १९, २४.६ आणि २८.३ मिलिमीटर असे होते. आलेख सपाट होत चाललेला स्पष्ट दिसत होता. या आकड्यांवरून अंतिम खचण काढण्यासाठी त्यांनी असाओकाची पद्धत वापरली. जपानी अभियंता असाओका यांनी १९७८ साली मांडलेली ही पद्धत आजही कन्सॉलिडेशनच्या, म्हणजे भाराखाली चिकणमातीतले पाणी हळूहळू निघून ती दबण्याच्या, कामात सर्रास वापरतात, कारण तिच्यात मातीचे प्रयोगशाळेतले गुणधर्म लागत नाहीत आणि भार नेमका कधी आला हेही ठाऊक असावे लागत नाही. भार स्थिर झाल्यानंतर समान कालांतराने घेतलेली वाचने घ्यायची, प्रत्येक वाचन आधीच्या वाचनासमोर मांडायचे आणि त्या बिंदूंमधून सरळ रेषा काढायची:

```
S(n) = a + b × S(n-1)
S(अंतिम) = a / (1 - b)
```

ही रेषा ४५ अंशांच्या रेषेला जिथे छेदते तिथे नवे वाचन आणि जुने वाचन सारखे होते, म्हणजेच खचणे थांबते. सल्लागाराच्या रेषेत a सुमारे ११.१ आणि b सुमारे ०.७० आला. त्यावरून अंतिम खचण ३७ मिलिमीटर, म्हणजे फक्त नऊ मिलिमीटर शिल्लक. ‘तीन चतुर्थांश सेटलमेंट झालेली आहे, उरलेली नगण्य आहे, भेगा बुजवून घ्याव्यात’ असा निष्कर्ष त्यांनी काढला. संस्थेने भिंतींच्या भेगा कापून पॉलिमर मॉर्टरने भरल्या आणि संपूर्ण इमारत रंगवून घेतली.

तिसाव्या महिन्याचे वाचन आले तेव्हा अहवालावरचा विश्वास आणखी वाढला. रेषेनुसार ३१.० मिलिमीटर अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात ३०.६ भरले. इतका जवळचा मेळ बसल्यावर शंका घ्यायला कोणाला कारणच उरत नाही. पण त्याच सुमारास दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बुजवलेल्या भेगा पुन्हा उघडल्या. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर जाणारी भेग जुन्याच वाटेने, नव्या रंगाला कापत आली होती. पायाला खालून आधार देणाऱ्या एका अंडरपिनिंग कंत्राटदाराने राफ्टमधून मायक्रोपाइल, म्हणजे कमी व्यासाचे पाइल घालण्याचे दरपत्रक दिले. हा खर्च खरोखर लागणार आहे का, हे तपासण्यासाठी संस्थेने मला बोलावले.

तपासणीत काय सापडले

मी छापील अहवालाऐवजी सर्व्हेअरची फील्ड बुके मागितली. अहवालात बारा बिंदू होते, बुकात तेरा. टाकीच्या खांबाच्या बिंदूसमोर पेन्सिलीने ‘विश्वासार्ह नाही, वगळावे’ असे लिहिलेले होते. कारण उघड होते: तो बिंदू दर सहा महिन्यांनी चार मिलिमीटर वर जात होता. अहवाल करणाऱ्याने बोल्टला धक्का लागला असेल असे मानले असावे. परंतु धक्का लागलेला बोल्ट एकदाच हलतो, तो पाच वेळा सारख्याच मापाने वर चढत नाही. खडकात रुतलेल्या पाइलवरची टाकी वर येण्यालाही काही कारण नव्हते. मग एकच शक्यता उरत होती. टाकी जागेवरच होती आणि ज्या ओट्यावरून तिला मोजत होते तो ओटा खाली जात होता.

ओटा मुरमाच्या भरावावर बांधलेला होता आणि भरावाच्या स्वतःच्या वजनाखाली चिकणमाती संथपणे दबत होती. भाराच्या दृष्टीने तो इमारतीपासून दूर होता, पण जमिनीच्या दृष्टीने त्याच थरावर बसलेला होता.

येथे लेव्हलिंगमधली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. प्रत्येक वेळी सर्व्हेअर ओट्यापासून निघून सगळे बिंदू घेऊन पुन्हा ओट्यावर येत असे आणि त्याची क्लोजिंग एरर, म्हणजे परत आल्यावर पडणारा फरक, कधीही ०.६ मिलिमीटरच्या वर गेलेली नव्हती. अहवालात याचा अभिमानाने उल्लेख होता. पण जिथून निघालो तिथेच परत येणारी फेरी फक्त त्या दिवसाच्या वाचनांतली चूक दाखवते. दोन फेऱ्यांच्या मधल्या सहा महिन्यांत बेंचमार्क स्वतः चार मिलिमीटर खाली गेला असेल, तर फेरी तरीही बिनचूक बंद होते. काम जितके नीटस, तितका चुकीचा आकडा खात्रीचा वाटतो.

टाकी स्थिर धरून सगळी जुनी वाचने पुन्हा काढली. पी-३ चे चित्र असे बदलले (आकडे मिलिमीटरमध्ये; टाकीपुढचे उणे चिन्ह म्हणजे वर गेल्याचा भास):

| महिना | ओट्यावरून पी-३ | ओट्यावरून टाकी | दुरुस्त पी-३ |
|---|---|---|---|
| ६ | ११.० | −४.० | १५.० |
| १२ | १९.० | −८.० | २७.० |
| १८ | २४.६ | −१२.० | ३६.६ |
| २४ | २८.३ | −१६.० | ४४.३ |
| ३० | ३०.६ | −२०.० | ५०.६ |

खचणारा बेंचमार्क नुसते आकडे लहान करत नाही, तो आलेखाचा आकार बदलतो, आणि अंतिम खचणीचा अंदाज त्या आकारावरच उभा असतो. इमारतीचा वेग दर सहामाहीला कमी होत होता आणि ओट्याचा वेग तसाच होता. त्यामुळे वजाबाकीत उरणारा वेग खऱ्यापेक्षा फार लवकर शून्याकडे जात होता. मूळ आकड्यांतली सहामाही वाढ पाहिली तर ती ११, ८, ५.६, ३.७, २.३ अशी आहे. लागोपाठच्या वाढींचे गुणोत्तर ०.७३ वरून ०.६२ पर्यंत घसरत जाते. कन्सॉलिडेशनच्या उत्तरार्धात हे गुणोत्तर जवळपास स्थिर राहायला हवे. दुरुस्त वाढ १५, १२, ९.६, ७.७, ६.३ अशी आहे आणि गुणोत्तर ०.८० च्या आसपास टिकून राहते. पाच बिंदूंमधून रेषा ओढून छेदबिंदू पाहिला की ही घसरण डोळ्यांना दिसत नाही. गुणोत्तरांचा साधा रकाना मांडला असता तर पहिल्याच अहवालात ती लक्षात आली असती.

खडकातला बेंचमार्क

टाकी स्थिर आहे हे तोवर फक्त गृहीत होते. खचणारी माती पाइलला खाली ओढते, त्यामुळे पाइलवरची टाकीही थोडी हलू शकते. म्हणून एक खोल बेंचमार्क बसवला. भराव आणि चिकणमाती भेदून बेसाल्टमध्ये दीड मीटर बोअर घेतला, त्यात स्टीलचा रॉड सोडून फक्त खडकातला भाग ग्राउट केला आणि त्यावरच्या सगळ्या उंचीत रॉडभोवती पीव्हीसीचा बाह्य पाइप ठेवून मधल्या फटीत ग्रीस भरले. पाइपचा हेतू असा की खचणारी माती पाइपला खाली ओढेल, रॉडला नाही. वर झाकणाचा चेंबर बांधला. चेंबर रॉडला टेकता कामा नये, हे गवंड्याला दोनदा सांगावे लागले. पहिल्या दिवशी त्याने प्रेमाने रॉडभोवती काँक्रीट ओतलेच होते आणि ते ओले असतानाच काढावे लागले.

सहा महिन्यांत या रॉडच्या तुलनेत टाकी ०.३ मिलिमीटर हलली. हा आकडा लेव्हलिंगच्या चुकीच्या आतलाच आहे. ओटा त्याच काळात आणखी चार मिलिमीटर खाली गेला.

अंतिम खचण किती: दोन पद्धती, दोन उत्तरे

दुरुस्त आकड्यांवर असाओकाची रेषा काढली तर a १५.० आणि b ०.८०४ येतो. अंतिम खचण सुमारे ७६ मिलिमीटर, म्हणजे अहवालातल्या ३७ च्या दुप्पट. तिसाव्या महिन्याला दोन तृतीयांश खचण झाली होती आणि पंचवीस मिलिमीटर बाकी होती.

मायक्रोपाइलच्या कंत्राटदाराचाही अभियंता होता आणि त्याने तेच दुरुस्त आकडे घेऊन हायपरबोला पद्धत लावली. त्यात काळ भागिले खचण हे काळासमोर मांडतात आणि सरळ रेषेच्या उताराचा व्यस्तांक म्हणजे अंतिम खचण. त्याला १२४ मिलिमीटर मिळाले. आकडेमोड बरोबर होती. मात्र टर्झागीच्या कन्सॉलिडेशनच्या सिद्धांताशी ताडून पाहता ही रेषा साधारण ६० ते ९० टक्के कन्सॉलिडेशनच्या दरम्यानच सरळ असते, आणि त्या भागातही व्यस्तांकाला सुमारे ०.८२ ने गुणावे लागते. त्याने पहिल्या वाचनापासून सगळे बिंदू घेतले होते आणि गुणकही लावला नव्हता. गुणक लावला तर १०२ येतात. तोही आकडा पूर्ण भरवशाचा नाही, कारण या पद्धतीत काळाची सुरुवात भार आला तेव्हापासून हवी. आमची नोंद इमारत पूर्ण झाल्यावर सुरू झाली होती.

म्हणून ७६ हा मधला अंदाज आणि १०२ ही वरची मर्यादा, असे मी संस्थेपुढे मांडले. ‘पुढचे वाचन येऊ द्या, कोण बरोबर ते कळेल’ असे बैठकीत कोणीतरी म्हणाले आणि ती सूचना वाजवी वाटते. हिशेब केला तर ती फसवी आहे. छत्तिसाव्या महिन्यासाठी असाओकाची रेषा ५५.७ सांगत होती आणि हायपरबोला ५६.१. दोन अंदाजांत जेवढे अंतर होते तेवढी तर लेव्हलिंगचीच चूक असते. अठ्ठेचाळिसाव्या महिन्याला मात्र ६३.० आणि ६५.१ असा फरक पडणार होता. नजीकच्या भविष्याबद्दल दोन्ही पद्धती सारखेच बोलतात, अंतिम आकड्याबद्दल वेगळे. त्यामुळे एका चांगल्या वाचनाने कोणतीही पद्धत सिद्ध होत नाही. पहिल्या अहवालाला तिसाव्या महिन्यात मिळालेले ‘प्रमाणपत्र’ याच जातीचे होते.

विचारात घेतलेले पर्याय

निर्णय एकूण खचणीवर नव्हता, शेजारच्या कॉलमांमधल्या फरकावर होता. पी-३ आणि पी-४ यांच्यात पाच मीटर अंतर आहे आणि मातीची जाडी तिथेच झपाट्याने बदलते. तिसाव्या महिन्याला दोघांत सहा मिलिमीटर फरक पडला होता. तो एकूण खचणीच्या प्रमाणात वाढेल असे धरले, तर ७६ च्या अंदाजाला ९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १/५५५, आणि १०२ च्या अंदाजाला १२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १/४१५ येतो. मऊ चिकणमातीवरील राफ्टच्या आरसीसी इमारतीसाठी आयएस १९०४ या भारतीय मानकात १/५०० ही मर्यादा दिली आहे. स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड यांनी १९५६ मध्ये प्रत्यक्ष इमारतींच्या नोंदींवरून भिंतींना तडे जाण्यासाठी १/३०० आणि सांगाड्याला इजा होण्यासाठी १/१५० ही प्रमाणे सुचवली होती. वरच्या मर्यादेलाही सांगाडा १/१५० पासून दूर होता, पण नोंद सुरू होण्यापूर्वी, बांधकाम चालू असताना, किती फरक पडला होता हे या आकड्यांत नाही. भिंती १/८३० ला तडकत होत्या त्याचे एक कारण तेच असावे.

पहिला पर्याय मायक्रोपाइलचा होता. कंत्राटदार फक्त उत्तरेकडच्या अर्ध्या भागाला पाइल देणार होता, कारण खचण तिथे जास्त होती. हे मला सर्वांत धोक्याचे वाटले. पाइलवरचा अर्धा भाग थांबला आणि उरलेला अर्धा खचत राहिला, तर आज लांबीभर पसरलेला फरक दोन कॉलमांमधल्या एकाच बेमध्ये गोळा होतो. शिवाय पाण्याचा फ्लश वापरून मऊ मातीत ड्रिलिंग करताना माती ढवळली जाते आणि काम चालू असतानाच खचण वाढते. संपूर्ण राफ्टला पाइल देणे तांत्रिकदृष्ट्या योग्य होते, पण दोन तृतीयांश खचण होऊन गेल्यावर उरलेल्या पंचवीस मिलिमीटरसाठी तो मोठा उपाय होता.

दुसरा पर्याय राफ्टखाली सिमेंट ग्राउटिंगचा होता. तो लगेच बाजूला ठेवला. इतक्या बारीक कणांच्या मातीत सिमेंट झिरपत नाही, ते फाटी पाडून वाट काढते आणि कुठे जाईल हे सांगता येत नाही.

तिसरा पर्याय थांबण्याचा, पण आकड्यांच्या अटीवर थांबण्याचा.

केलेली कार्यवाही

संस्थेने तिसरा पर्याय स्वीकारला. वाचने दर तीन महिन्यांनी आणि फक्त खडकातल्या बेंचमार्कवरून, टाकी दरवेळी तपासबिंदू म्हणून. असाओकासाठी मात्र सहा महिन्यांचीच वाचने वापरायची, म्हणजे जुन्या मालिकेशी मेळ राहील. पी-३ आणि पी-४ मधला फरक ९ मिलिमीटरला पोहोचला, किंवा सहामाही वाढ आधीच्या सहामाहीपेक्षा कमी न होता वाढली, तर संपूर्ण राफ्टच्या पाइलिंगचा प्रस्ताव पुन्हा उघडायचा, असे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतले. भेगा कडक मॉर्टरने न भरता लवचीक सीलंटने बंद केल्या, जेणेकरून पावसाचे पाणी थांबेल आणि हालचालही दिसेल. इमारतीतून बाहेर पडणाऱ्या ड्रेनेज आणि पाण्याच्या पाइपना लवचीक जोड बसवले. तिथे जमीन आणि इमारत वेगवेगळ्या वेगाने खचत होती आणि एक सांधा आधीच गळत होता.

निष्पत्ती

छत्तिसाव्या महिन्याला पी-३ वर ५६.०, बेचाळिसाव्याला ६०.६ आणि अठ्ठेचाळिसाव्याला ६४.४ मिलिमीटर मिळाले. शेवटचा आकडा असाओकाच्या ६३.० आणि हायपरबोलाच्या ६५.१ यांच्या दरम्यान येतो. म्हणजे माझा ७६ चा अंदाज कमीच होता. चोविसाव्या महिन्यापासूनच्या वाचनांवर नवी रेषा काढली तर b ०.८५ जवळ येतो आणि अंतिम खचण सुमारे ८५ मिलिमीटर होते. असाओकाचे बिंदू उत्तरार्धात असे हळूहळू वर सरकतात तेव्हा सेकंडरी कॉम्प्रेशन मिसळू लागले आहे असा संशय घ्यावा. मातीच्या सांगाड्याचे ते संथ दबणे कोणत्याही निश्चित आकड्यावर थांबत नाही आणि असाओकाच्या गणितात त्याला जागा नाही.

पी-३ आणि पी-४ मधला फरक ७.६ मिलिमीटर आहे. पाइलिंग झालेले नाही. ८५ चा अंदाज खरा ठरला तर तो फरक दहाच्या किंचित वर, म्हणजे १/५०० च्या उंबरठ्यावर जाईल.

वेगळे काय करता आले असते

नोंद प्लिंथ झाल्याबरोबर, भिंती चढण्यापूर्वी सुरू व्हायला हवी होती. ती उशिरा सुरू झाल्यामुळे आयएसच्या मर्यादेशी तुलना करताना आम्ही कायम अपुऱ्या बेरजेवर बोलत राहिलो. मागाहून प्लिंथ बीमची लेव्हल घेऊन हे भरून काढता येईल असे एकाने सुचवले, पण गवंडीकामातच पाच-दहा मिलिमीटरचा फरक असतो आणि शोधायचा आकडाही तेवढाच आहे.

बेंचमार्क एक नसावा, तीन असावेत, आणि किमान एक खडकात असावा. तीन असले की दरवेळी आपापसांत त्यांची उंची तपासता येते आणि कोणता हलला ते कळते. दोन असले तर हलला एवढेच कळते, कोणता ते नाही. सुरुवातीच्या वर्षी सहा महिन्यांचे अंतरही फार होते. तीन महिन्यांची वाचने असती तर गुणोत्तराची घसरण वर्षभर आधी उघडी पडली असती.

माझी चूक वेगळी आहे. दोन पद्धतींत ७६ आणि १०२ असा फरक पडत असताना मी तो आकडेमोडीने सोडवायचा प्रयत्न केला. इमारतीलगत चिकणमातीच्या मध्यभागी एक पिझोमीटर बसवला असता तर मातीत जादा पाण्याचा दाब अजून किती उरला आहे ते थेट कळले असते आणि कन्सॉलिडेशन किती शिल्लक आहे याचा लेव्हलिंगपेक्षा स्वतंत्र पुरावा मिळाला असता. खडकातल्या बेंचमार्कसाठी ड्रिलिंगचे यंत्र आवारात आले होते त्याच दिवशी तो बोअर घेता आला असता. तो आता साठाव्या महिन्याच्या आधी घ्यायचे ठरले आहे. त्या वाचनासाठी जुनी असाओका रेषा ६७.७ सांगते, नवी ७०.३ आणि हायपरबोला ७१.९.